भारी शब्द काढूनही मेसेज परकाच का वाटतो

प्रश्न: एआयकडून लिहून घेतलेला मेसेज आपला वाटत नाही. भारी भारी शब्द काढून पाहिले, तरी तसाच वाटतो. काय करावं?

माझं नागपुरात बर्डीवर टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. पूर्वी लोक अर्ज तोंडी सांगायचे आणि मी टाइप करायचो. आता मोबाइलवर तयार मसुदा आणतात आणि म्हणतात, "भाऊ, हे जरा माणसासारखं करून द्या." त्यामुळे या कामाचा बराच सराव झाला आहे. एकच प्रसंग सविस्तर सांगतो.

आमच्या गल्लीत एक काकू मुलांची मेस चालवतात. त्यांच्या भाच्याने भाववाढीचा मेसेज एआयकडून लिहून घेतला आणि काकूंच्या नंबरवरून ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत एका पोट्ट्याने विचारलं, "काकू, मेस विकली का?" भाच्याने मेसेज काढून टाकला आणि माझ्याकडे आला. मेसेज असा होता:

"प्रिय विद्यार्थी मित्रांनो, आजच्या वाढत्या महागाईच्या काळात जेवणाची गुणवत्ता कायम राखणे हे आमच्यासमोरील एक मोठे आव्हान बनले आहे. आमच्यासाठी जेवण हे केवळ अन्न नाही, तर आपुलकीचा धागा आहे. त्यामुळे १ जुलैपासून मासिक शुल्कात अल्पशी वाढ करून ते ३२०० रुपये करण्यात येत आहे. तसेच रविवारी सायंकाळी सेवा उपलब्ध राहणार नाही. आपणास चविष्ट, पौष्टिक आणि घरगुती जेवण देण्यासाठी आम्ही सदैव कटिबद्ध आहोत."

तुम्ही जे केलं तेच भाच्यानेही करून पाहिलं होतं. 'कटिबद्ध'चं 'तयार' केलं, 'आव्हान'चं 'अडचण' केलं. काही उपयोग झाला नाही, कारण खोट शब्दात कमी आणि सांगाड्यात जास्त असते. आधी काळाबद्दल एक सुविचार, मग 'केवळ हे नाही, तर ते', मग तीन विशेषणांची माळ, आणि या सगळ्यात कामाची गोष्ट कुठेतरी मधे दडलेली. त्या सांगाड्यावर कितीही सोपे शब्द चढवले तरी चाल तीच राहते. "सोप्या भाषेत लिहून दे" असं एआयलाच सांगितलं, तरी बहुतेक वेळा तोच सांगाडा नवे कपडे घालून परत येतो.

म्हणून मी मसुद्याला हात लावायच्या आधी पाठवणाऱ्याचे चार-पाच जुने मेसेज मागतो. काकूंचे होते ते असे: "मुलांनो उद्या नळ नाही येणार, डबे धुऊन द्या." "आज वरणफळं आहेत, गरम खायची असतील तर ८ च्या आत या बरं का." एवढ्यावरून पुष्कळ कळतं. काकू 'मुलांनो' म्हणतात. पहिल्याच वाक्यात काम सांगतात. 'कृपया' कधी लिहीत नाहीत, नरमाई 'बरं का'ने आणतात. आणि 'आम्ही' तर कुठेच नाही. मेस एकट्या काकूंची आहे, तिथे 'आम्ही' आणि 'करण्यात येत आहे' आलं की वाचणाऱ्याला वाटणारच, कोणीतरी मेस घेतली बहुतेक. त्या पोट्ट्याचा प्रश्न अगदी बरोबर होता.

मग मसुद्यात खरी माहिती किती आहे तेवढीच पेनाने अधोरेखित केली. तीन गोष्टी निघाल्या: तारीख, नवा दर, रविवारची सुट्टी. बाकी सगळं मशीनने पदरचं घातलेलं. त्यात 'पौष्टिक'सारखी आश्वासनं निघतात, जी पाठवणाऱ्याने दिलेलीच नसतात आणि पुढे त्याच्याच गळ्यात पडतात. 'अल्पशी' तर सरळ खोटं होतं. २८०० वर ४०० म्हणजे सातवा हिस्सा. पोट्टे हिशेब करतात आणि तो एक शब्द वाचून चिडतात.

यानंतर मी काकूंनाच फोन लावला. मसुदा वाचून दाखवला तेव्हा 'आपुलकीचा धागा' ऐकून त्या म्हणाल्या, "हे मी कधी म्हटलं बावा?" मग मी विचारलं, पोरांना नेमकं काय सांगायचं आहे? त्या एका दमात बोलल्या, "एक तारखेपासून बत्तीसशे लागतील म्हणा. डाळ पाहा ना काय झाली, सिलिंडर पाहा. दोन वर्षं मी काही बोलली का? अन् ज्याने आधीच पैसे भरले त्याच्याकडून वरचे घ्यायचे नाहीत."

हे शेवटचं वाक्य मसुद्यात नव्हतंच! पोरांच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं तेच. आणि डाळ-सिलिंडरचं 'वाढती महागाई' होऊन गेलं होतं. फुलोरा काढताना लोक जास्तीचं तेवढं शोधतात, गळालेलं कोणी शोधत नाही. ते फक्त पाठवणाऱ्याला विचारूनच सापडतं.

शेवटी ग्रुपवर गेलं ते असं:

"मुलांनो १ जुलैपासून महिन्याचे ३२०० रुपये होतील, आता २८०० आहेत. डाळ आणि सिलिंडर दोन्ही वाढलं, दोन वर्षं मी दर वाढवला नव्हता. ज्यांनी जुलैचे पैसे आधीच दिले त्यांनी वरचे देऊ नका. रविवारी रात्री स्वयंपाक बंद राहील बरं का. काकू"

उत्तरं आली, "ओके काकू." एकाने रविवारी सकाळी गोड मिळेल का तेवढं विचारलं.

यात एक गोष्ट मुद्दाम केली नाही. काकू बोलताना 'पोट्टे' म्हणतात, 'अन्' म्हणतात, पण लिहिताना 'मुलांनो' आणि 'आणि' लिहितात. भाच्याचा आग्रह होता की अस्सल वाटायला नागपुरी टाकू, एखादी ऱ्हस्व-दीर्घाची चूकही राहू देऊ. मी नाही म्हटलं. माणूस बोलतो एक आणि लिहितो दुसरं, आणि आपल्याला त्याच्या लिहिण्याशी जुळवायचं असतं. ओढूनताणून आणलेली बोली कटिबद्धतेइतकीच परकी वाटते.

उलटंही होतं. महाल भागातले एक निवृत्त मास्तर आले होते, नातवाने केलेलं पत्र घेऊन. सुरुवात होती, "आशा आहे की हे पत्र आपणास सुखरूप मिळेल." त्यांची जुनी पत्रं पाहिली तर प्रत्येक पत्र 'स. न. वि. वि.'ने, म्हणजे 'सप्रेम नमस्कार विनंती विशेष'ने सुरू झालेलं. भाषा जडच, पण मास्तरांची स्वतःची. तिथे मी सोपं काही केलं नाही. नातवाची ओळ काढली, 'स. न. वि. वि.' परत घातलं आणि 'कळावे, लोभ असावा' तसंच राहू दिलं. त्यामुळे जड शब्द दिसला की लगेच कापू नका. जुन्या पत्रात तो आहे का ते आधी बघा.

जुनं काहीच लिहिलेलं नसेल तर त्या माणसाला व्हॉइस मेसेज पाठवायला सांगा. तो ऐकून उतरवा, अडखळणं आणि परत परत आलेलं काढा, क्रम मात्र त्याचाच ठेवा. पाठवण्याआधी मसुद्यातून आलेल्या दोन-दोन चांदण्या, म्हणजे ** अशा खुणा, आणि शब्दाआधीचे इमोजीही पुसा. तुमच्या मेसेजमध्ये कोण कोणाला लिहितंय ते सांगितलंत, आणि जुने दोन मेसेज इथे टाकलेत, तर नेमकी कुठली ओळ परकी आहे ते दाखवता येईल.