आठवडा गेला, उत्तर नाही: आता काय लिहायचं

विश्रामबाग, सांगली
18 मार्च

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबत जोडलेला मजकूर, दोन्ही वाचलं. तासगाव रस्त्यावरच्या त्या कोल्ड स्टोरेजच्या मालकांना बेदाण्याच्या साठ्याचं रजिस्टर कॉम्प्युटरवर आणायचा प्रस्ताव तू पाठवलास, त्याला आठवडा झाला आणि तिकडून काहीच नाही. आता जो मजकूर तू पाठवायच्या बेतात आहेस तो पाठवू नकोस. एवढ्यासाठीच आजच लिहितोय.

आधी त्यांच्या बाजूने हा आठवडा कसा गेला असेल ते बघ. मार्चचा मध्य आहे. शेडवर वाळलेला बेदाणा निवडून, बॉक्समध्ये भरून यायला लागलाय. गाड्या दारात उभ्या, हमाल कमी, शेतकरी पावतीसाठी थांबलेले. आतल्या खोल्यांचं तापमान सांभाळायचं, आणि त्यातच 31 मार्चच्या आत बँकेचे कागद पुरे करायचे. तुझा प्रस्ताव वर्षभर कामाला येणारा आहे, पण या आठवड्यात त्याच्यावाचून त्यांचं काही अडलेलं नाही. शिवाय असा निर्णय मालक एकटे घेत नाहीत. रजिस्टर लिहितात दिवाणजी, पैशाला हो म्हणायचं भागीदाराने, आणि मोबाईलवर मेल उघडून दाखवायची बहुतेक घरातल्या मुलाने.

म्हणजे या शांततेमागे काय काय असू शकतं? मेल उघडलीच नसेल. उघडली, पण तुझे कोष्टकांचे तक्ते मोबाईलवर वाचता आले नसतील. वाचली, दिवाणजींना दाखवली, आणि त्यांना आपलं काम जाईल असं वाटून त्यांनी नाक मुरडलं असेल. मालकांना पटलं असेल, पण भागीदार पुण्याहून यायचे असतील. किंवा खरोखरच नको असेल आणि तुझ्या वडिलांच्या ओळखीमुळे तोंडावर नाही म्हणवत नसेल. बाहेरून ही पाचही कारणं सारखीच दिसतात. म्हणून आठवण करून देणारा मजकूर असा हवा की या पाचांपैकी खरं काहीही असलं तरी वाचणाऱ्याला अपराधी वाटू नये आणि उत्तर देणं सोपं जावं. तुझा मजकूर पाचवं कारण धरून लिहिलाय. त्यामुळेच तो उतावळा वाटतो, शब्द कितीही नम्र असले तरी.

लिहायच्या आधी अर्धा तास काढून स्वतःचा पहिला मेल पुन्हा वाच, आणि तोही मोबाईलवर, म्हणजे त्यांना जसा दिसला असेल तसा. पत्ता बरोबर आहे का, फाइल जोडली होती का, ती साध्या फोनवर उघडते का, हे तपास. मग शेवटचं वाक्य बघ. तू लिहिलंयस, 'तरी योग्य तो निर्णय कळवावा.' यात त्यांनी नेमकं काय करायचं ते कुठेच नाही. तुला फोन करायचा, दिवाणजींना बसवायचं, की थेट आगाऊ रक्कम द्यायची? चौदा पानं वाचून माणूस शेवटी आला आणि पुढचं पाऊल दिसलं नाही, तर तो कागद बाजूला ठेवतो. माझा अंदाज असा आहे की ही शांतता निम्मी तरी त्या वाक्यातून आलीय.

आता तुझा मजकूर. 'मागील आठवड्यात पाठवलेल्या प्रस्तावावर अद्याप आपला प्रतिसाद प्राप्त झालेला नाही. आपण व्यस्त असाल याची कल्पना आहे. तरी कृपया लवकरात लवकर निर्णय कळवावा, ही विनंती.' पहिल्याच वाक्यात त्यांची थकबाकी काढल्यासारखं झालंय. दुसरं वाक्य समजूतदार वाटतं, पण लगेच 'तरी' आला की समजूत पुसली जाते. तिसऱ्यात तू सगळ्यात मोठी गोष्ट मागतेस, म्हणजे निर्णय, आणि तोही लवकर. शिवाय हा मजकूर वाचून त्यांच्या हातात नवीन काहीच पडत नाही. फक्त एक राहिलेलं काम आठवतं.

त्याऐवजी त्यांच्या हातात काहीतरी पडू दे. तू त्यांचं रजिस्टर बघून आलीयस. तिथे भाड्याचा हिशेब कुठे अडतो तेही तू पाहिलंस: एकाच शेतकऱ्याचा लॉट तुकड्यातुकड्याने बाहेर जातो तेव्हा. तेवढंच एक उदाहरण एका पानावर मांड. समज, 12 एप्रिलला एका शेतकऱ्याचे 15 किलोचे 200 बॉक्स आत आले. 20 मेला त्यातले 80 गेले, उरलेले 120 गेले 5 ऑगस्टला. सुरू झालेला महिना पूर्ण धरायची पद्धत असेल, तर 80 बॉक्सचे दोन महिने आणि 120 बॉक्सचे चार महिने. म्हणजे 160 आणि 480 मिळून 640 बॉक्स-महिन्यांचं भाडं. घाईत मधली जावक नजरेतून सुटली आणि सगळे 200 बॉक्स चार महिने धरले, तर आकडा होतो 800. मग शेतकरी काउंटरवर येऊन भांडतो आणि दिवाणजींना जुनी पानं उलटत बसावं लागतं. तुझ्या पानावर वर लॉट, खाली दोन जावका, शेवटी भाडं, एवढंच दिसू दे. अर्धा महिना धरायची त्यांची पद्धत असेल तर आकडे बदलतील, म्हणून खाली तसं एका ओळीत लिही. हे पान दिवाणजींनाही आवडेल, कारण त्यात त्यांची डोकेदुखी कमी होताना दिसते. तिसरं कारण खरं असलं, तर त्यावरचा इलाजही हाच.

मग मजकूर साधारण असा होईल:

'नमस्कार साहेब. 11 तारखेला साठ्याच्या रजिस्टरबद्दल पाठवलेला प्रस्ताव पुन्हा सोबत जोडला आहे. त्या दिवशी दिवाणजींनी लॉट तुकड्यांत गेला की भाड्याचा हिशेब कसा अडतो ते दाखवलं होतं. तसाच एक हिशेब एका पानावर मांडून पाठवत आहे, मोबाईलवर वाचता येईल. दिवाणजींबरोबर पंधरा मिनिटं बसून हे पान तपासून घ्यावं असं वाटतं. पुढच्या आठवड्यात येऊ, की आवकेची गर्दी ओसरल्यावर एप्रिलच्या शेवटी येऊ? आपल्याला सोयीचं असेल तसं येईन.'

बघ, यात उत्तर आलं नाही हा उल्लेखच नाही. त्यांना ते माहीत आहे. प्रस्ताव पुन्हा जोडलाय, म्हणजे उघडला नसेल तर शोधायला नको. निर्णय मागितलेला नाही, पंधरा मिनिटं मागितलीत, आणि तीही मालकांची नाहीत. दोन वेळा दिल्यात आणि त्यातली एक मुद्दाम लांबची आहे. घाईत असलेल्या माणसाला 'एप्रिलच्या शेवटी या' एवढं लिहायला दहा सेकंद लागतात, आणि तसं उत्तर आलं तर ते तुला चांगलंच समज. तारीख मिळाली की तुझं येणं त्यांच्याच बोलावण्यावरून होतं, मग पुन्हा आठवण करताना संकोच राहत नाही.

'नको असेल तर तसं सांगा' हे वाक्य या पहिल्या आठवणीत घालू नकोस. ते सभ्य आहे, पण फार लवकर दिलेला नकाराचा रस्ता गर्दीत अडकलेला माणूस पटकन धरतो, विचार न करताच. ते दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेळेसाठी ठेव.

आणि दर कमी करू नकोस. मला ठाऊक आहे, शांतता लांबली की हात शिवशिवतात, दहा टक्के कमी करून बघावेत असं वाटतं. कुणी मागितलं नसताना किंमत उतरवलीस तर पहिल्या आकड्यात हवा होती असा अर्थ निघतो, आणि आपण गप्प बसलो की भाव खाली येतो हे समोरच्याला कळतं. पुढच्या प्रत्येक बिलाला मग तो गप्प बसेल. रक्कम जड वाटते असं ते स्वतः म्हणाले, तर काम कमी करून रक्कम कमी कर. आधी फक्त आवक-जावक, भाड्याचा हिशेब पुढच्या हंगामात, असं.

पाठवताना त्याच जुन्या मेलला उत्तर म्हणून पाठव, म्हणजे आधीचं बोलणं खालीच राहील. व्हॉट्सॲपवर त्यांनी याआधी तुझ्याशी बोलणं केलं असेल तरच तिथे पाठव, आणि तसं असेल तर मेल करू नकोस, दोन्हींपैकी एकच. एकाच दिवशी मेल, व्हॉट्सॲप आणि वर फोन असं झालं की उत्तम मजकुरावरही पाणी पडतं. निळ्या खुणा दिसल्या तरी त्याबद्दल कधीच बोलू नकोस. बेदाण्याच्या सौद्याचा दिवस टाळ, सकाळी गाड्या उतरत असतात ती वेळही टाळ. दुपारी जेवणानंतर, तीन-साडेतीनला, ऑफिसात जरा शांत असतं.

उत्तर कसं येतं त्यावरून कारण कळेल. 'परत पाठवा' म्हणाले तर पहिला मेल पाहिलाच नव्हता. 'दर जास्त वाटतो' म्हणाले तर नीट वाचलंय, आनंद मान. 'दिवाणजींशी बोला' म्हणाले तर मालकांची ना नाही, पण दिवाणजींना विश्वासात घ्यायचं काम तुझं. आणि 'बघू' म्हणाले तर लगेच निराश होऊ नकोस. आपल्याकडे माणूस नको असतानाही 'बघू' म्हणतो आणि हवं असतानाही. तेव्हा फक्त एवढंच विचार, 'मग एप्रिल संपता संपता फोन करू का?' हो म्हणाले तर तारीख वहीत लिहून ठेव आणि त्याआधी फोन करू नकोस.

काहीच आलं नाही, तर आठ-दहा दिवसांनी एक फोन कर. दिवाणजींनी उचलला तर मालकांनी उत्तर दिलं नाही अशी तक्रार त्यांच्याकडे करू नकोस. पान पाहिलं का, एवढंच विचार. प्रस्तावात दर 30 दिवस लागू असल्याचं तू लिहिलंयस. फोनवर तो विषय निघाला तर तारीख सांग, धमकी वाटेल असं बोलू नकोस. त्यानंतरही शांतता असेल तर एप्रिल संपताना शेवटचे दोन-तीन ओळींचे शब्द: सध्या विचार नसेल तर हरकत नाही, कागद माझ्याकडे ठेवते, पुढच्या हंगामाआधी एकदा विचारते. इथे नकाराचा रस्ता मोकळा सोड. मग खरंच थांब, आणि कुपवाडच्या त्या दुसऱ्या स्टोरेजकडे जा. एकाच दाराशी सगळा जीव गुंतला असेल तर ते तुझ्या अक्षरांतूनही दिसतं.

ते एक पान आज-उद्या तयार कर आणि आधी मला पाठव. मी ते माझ्या साध्या फोनवर उघडून बघेन. मला चष्म्याशिवाय आकडे वाचता आले, तर दिवाणजींनाही येतील.

तुझा,
काका