पहिलीसाठी कृतीसह छोटी कविता

प्रश्न: पहिलीच्या मुलांना कृती करत म्हणता येईल अशी छोटी कविता सांगा. घोकंपट्टी न करता ती पाठ कशी करून घ्यावी?

गोव्यातल्या मुलांना सायकलवरून पाव विकणारा पोदेर रोजचाच, म्हणून ही रचलेली घ्या:

पों पों पों पों! पोदेर आला (भोंगा दाबा)
सायकल त्याची थांबे दाराला (दोन्ही हातांनी ब्रेक)
टोपलीत पाव गरम गरम (बोटांवर फुंकर)
दाबून बघ, कसा नरम! (स्वतःचा गाल दाबा)

पहिल्या दिवशी तुम्ही म्हणा, मुलांनी फक्त कृती करायची. दुसऱ्या दिवशी ओळीचा शेवटचा शब्द गाळून थांबा: ‘टोपलीत पाव गरम...’ मुलंच पुरा करतात. मग तुम्ही गप्प राहून नुसती कृती करा, ओळ वर्गाने म्हणायची.

खरी पाठ झाली का, हे पाहायला मधूनच फुंकर मारून दाखवा. मूल पहिल्या ओळीपासून सुरू करू लागलं, तर त्याने नुसती साखळी धरली आहे; त्याला आणखी दोन दिवस कृतीच करू द्या. एकेकट्याला उभं करू नका. चौघांचा गट, प्रत्येकाची एक ओळ, दुसऱ्या दिवशी ओळी बदला. लाजाळू मुलाला भोंगा द्यावा. ‘पों पों’ म्हणायला कुणी लाजत नाही!