राजा चौकोनात असूनही प्यादं का सुटलं?

प्रश्न: "माझे काळे मोहरे. माझा राजा f3 वर, एक प्यादं e6 वर. समोरच्याचा राजा d1 वर, प्यादी a3 आणि d4 वर. चाल त्याची. a प्याद्याचा चौकोन मनात काढला, माझा राजा आत होता, म्हणून निश्चिंत होतो. त्याने d5 करून प्यादं फुकट दिलं, मी e6 ने घेतलं, आणि a प्यादं जाऊन वजीर झालं. चौकोनाचा नियम चुकीचा आहे की मी चुकलो?"

चौकोन तुम्ही बरोबर काढला होता. फक्त तुमचा राजा त्या चौकोनाच्या अगदी कोपऱ्यात उभा होता, आणि कोपऱ्यातून जायला एकच रस्ता असतो. तो रस्ता तुमच्याच प्याद्याने अडवला.

आधी चौकोन कसा काढायचा ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. घरं एकेक करून मोजायची गरज नाही. प्यादं ज्या घरात आहे तिथून राजाच्या बाजूला तिरकं वर जायचं, शेवटच्या ओळीपर्यंत. a3 पासून b4, c5, d6, e7, f8. तिथून सरळ खाली प्याद्याच्या ओळीपर्यंत उतरलं की f3. म्हणजे a3, a8, f8, f3 हे चार कोपरे. चाल प्याद्याची असेल तर राजा आधीपासून या चौकोनात उभा हवा. चाल राजाची असेल तर या चालीत आत शिरता आलं तरी पुरे.

तुमच्या डावात चाल पांढऱ्याची होती आणि राजा f3 वर, म्हणजे आत. त्याने सरळ a4 केलं असतं तर तुम्ही Ke4, मग a5 ला Kd5, a6 ला Kc6, a7 ला Kb7. प्यादं हातात. इथपर्यंत तुमचा हिशेब चोख आहे.

आता हाच मार्ग पटावर बोट ठेवून पुन्हा बघा: f3, e4, d5, c6, b7, a8. राजाला डावीकडे पाच घरं जायचंय आणि वरही पाच घरं जायचंय, हातात चाली पाचच. म्हणजे प्रत्येक चाल तिरकीच हवी. एकही चाल आडवी किंवा उभी गेली की हिशेब फसला. नियम मोजतो तो फक्त अंतर. वाट मोकळी आहे की नाही, हे तो बघत नाही, ते आपण बघायचं असतं.

समोरच्याने नेमकं तेच हेरलं. d5 ने तो तुमच्या राजाच्या वाटेत तुमचंच प्यादं आणून बसवतो. तुम्ही exd5 घेतलंत, त्याने a4 केलं. आता Ke4, मग a5. या क्षणी प्याद्याचा चौकोन a5 ते d8 एवढा आकसला आहे आणि e4 वरून आत शिरायला d5 हे एकच घर आहे. तिथे तुमचं प्यादं बसलंय. Ke5 करून वळसा घातला तर a6, Kd6, a7, Kc7 आणि a8 वर वजीर. एका चालीने उशीर झाला.

प्यादं बाजूला सरकवून वाट मोकळी करावी तर d4 करण्यात तीच चाल जाते. त्याचा राजा d1 वर असल्यामुळे तुमचं d प्यादं पळवूनही उपयोग नाही, त्याची वाट तो अडवून बसलाय.

d5 ला घेतलंच नसतं तर? Ke4 केलं तर तो dxe6 घेतो, आणि e6 चं प्यादं दोन चालींत वजीर होतं, राजा तिथे वेळेत पोहोचत नाही. e5 करून पुढे गेलात तर d6 करून त्याचं d प्यादंच पळत सुटतं. त्यामुळे मला तरी त्या क्षणी काळ्याला वाचवणारी चाल दिसत नाही. चूक त्याच्या आधी झाली, राजा f3 वर आणला तेव्हा.

राजा एक घर वर, f4 वर असता तर काय झालं असतं, हे पाहिलं की फरक डोळ्यांसमोर येतो. तोच d5, तोच exd5, मग a4. आता Ke5 करता येतं, कारण d4 वरून e5 वर नजर ठेवणारं प्यादं पुढे गेलेलं आहे. a5 ला Kd6, a6 ला Kc7, a7 ला Kb7. सापडलं. d5 मधे बसलेलं प्यादं आता आड येत नाही, कारण राजाला डावीकडे पाच घरं जायचंय पण वर फक्त चारच. एक घराची सूट मिळाली आणि त्या सुटीने दुसरी वाट उघडली. म्हणून मी चौकोन काढल्यावर दुसरा प्रश्न हाच विचारतो: राजा कोपऱ्यात आहे की चौकोनाच्या पोटात? कोपऱ्यात असेल तर कर्णावरच्या प्रत्येक घरावर काय आहे आणि पुढच्या एक-दोन चालींत तिथे काय येऊ शकतं, हे बघितल्याशिवाय मी निश्चिंत होत नाही. एका स्पर्धेत मी स्वतः असाच अर्धा गुण घालवला आहे, तेव्हापासून ही सवय लागली.

आणखी एक ठिकाण जिथे मोजणारे हमखास चुकतात: प्यादं अजून आपल्या मूळ घरात, म्हणजे a2 वर असेल तर. ते पहिल्या चालीत दोन घरं जाऊ शकतं, म्हणून चौकोन a2 पासून नाही, a3 पासून काढायचा. a2 पासून काढला तर तो g ओळीपर्यंत पोहोचतो आणि राजा g वर असला तरी आत आहे असं वाटतं. प्रत्यक्षात a4 होतं, चौकोन e ओळीपर्यंत येतो, आणि g वरून एका चालीत e वर जाता येत नाही.

उलट बाजूही सांगून ठेवतो, कारण राजा चौकोनाबाहेर असला की डाव सोडणारे खूप दिसतात. रिचर्ड रेटीने 1921 मध्ये रचलेली स्थिती मांडून बघा: पांढरा राजा h8, प्यादं c6. काळा राजा a6, प्यादं h5. चाल पांढऱ्याची. h प्याद्याच्या चौकोनापासून पांढरा राजा फार दूर आहे, आणि स्वतःचं c प्यादं काळा राजा आरामात मारतो. तरी डाव बरोबरीत सुटतो. Kg7, h4, Kf6. आता काळ्याने h3 केलं तर पांढरा Ke7 करून c प्याद्याजवळ पोहोचतो, दोघांचेही वजीर होतात. म्हणून काळा Kb6 करतो, तर Ke5. आता त्याने c6 वरचं प्यादं मारलं की Kf4 ने पांढरा राजा चौकोनात शिरतो. नाही मारलं आणि h3 केलं, तर Kd6 ने c प्यादं पुढे जातं. तिरक्या चालीने राजा एकाच वेळी दोन्ही कामांच्या जवळ जातो, आणि काळ्याला स्वतःच्या बचावासाठी जी चाल खर्चावी लागते तिथेच हरवलेली चाल परत मिळते. पटावर मांडून काळ्याच्या दोन्ही चाली एकदा हाताने खेळून बघा, मग तुमच्या त्या डावातली f3 आणि f4 ची स्थितीही तशीच मांडा.