लग्नाच्या वाढदिवसाला घरी कोणता सिनेमा?

आईबाबांच्या लग्नाला 45 वर्षं होताहेत. नागपुरात घरीच आहोत, दोघांसाठी कोणता सिनेमा लावू?

उत्तर: 'बागबान' नका लावू. म्हातारपणी मुलं आईवडिलांना वाटून घेतात, ते बघून आमची मावशी अशी रडली की ताटातली पुरणपोळी तशीच राहिली.

'पिया का घर' (1972) लावा. मुंबईच्या चाळीत, सासरच्या गर्दीत नव्या जोडप्याला एकांतच मिळत नाही, एवढीच गोष्ट. नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यात संसार मांडलेल्यांना ती आपलीच वाटते. काका तर मध्येच म्हणाले, "आपला पलंग स्वयंपाकघरातच होता न!" मग पुढची दहा मिनिटं सिनेमा कोणी पाहिलाच नाही. मूळ मराठी 'मुंबईचा जावई' (1970) मिळाला तर तोही चालेल.

फक्त जेवणाआधी सुरू करा. नंतर लावला की मध्यंतरापर्यंत घोरणं ऐकू येतं.