ट्रेनिंग बाँडमधला आकडा कुठून आला, हे आधी विचारा

प्रश्न : काका, बहिणीचा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झाला. बुटीबोरीच्या एका कंपनीत लागली, पगार 17,000. पहिले तीन महिने ट्रेनिंग. बाँड असा आहे की ट्रेनिंग संपल्यापासून 24 महिन्यांच्या आत कोणत्याही कारणाने नोकरी संपली तर 1,80,000 रुपये 18 टक्के व्याजाने भरायचे. बाबांची हमीदार म्हणून सही, सातबाऱ्याची झेरॉक्स आणि बाबांच्या खात्याचा सही केलेला कोरा चेक मागितला. सोमवारी सही आहे. करावी का? आम्ही दारव्हा तालुक्यातले, घरी कास्तकारी.

उत्तर :

भाऊ, नोकरी घालवू नका, पण कोरा चेक देऊ नका. बाकीच्या अटी बोलून बदलून घेता येतात. मी सतरा वर्षं कारखान्याच्या पर्सनल खात्यात काढली, असे बाँड स्वतः टाईप केले, त्यामुळे टेबलाच्या पलीकडे काय चालतं ते सांगतो.

सर्वांत आधी मनातून एक गोष्ट काढा. बाँड म्हणजे बेकायदेशीर, कोर्टात टिकतच नाही, असं गावात कोणीतरी सांगेल. ते खरं नाही. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या सेवेची आणि दोन लाखांची अट कायम ठेवली. नोकरीत असताना लागू असलेली अशी अट करार कायद्याच्या कलम 27 मध्ये बसणारी धंद्यावरची बंदी नाही, असं न्यायालयाने म्हटलं. पण ती सरकारी बँक होती, जाहिरात देऊन, परीक्षा घेऊन माणूस घ्यावा लागणारी, आणि भरती पुन्हा करण्याचा खर्च तिथे विचारात घेतला गेला. खासगी कंपनी तो निकाल दाखवून कुठलाही आकडा मागू शकत नाही.

आकड्याचं उत्तर करार कायद्याच्या कलम 74 मध्ये आहे. करारात नुकसानभरपाईची रक्कम लिहिलेली असली तरी कोर्ट वाजवी भरपाईच देतं, आणि लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा धरतं. म्हणजे 1,80,000 हा जास्तीत जास्त आकडा झाला, देणं तेवढंच आहे असं नाही. दिल्ली उच्च न्यायालयाचं 2011 चं सिक्पा इंडियाचं प्रकरण पाहा. बाँड दोन लाखांचा, तीन वर्षांचा. कंपनीचा दाखवलेला प्रत्यक्ष खर्च 67,595 रुपये. माणसाने दोन वर्षं काम केलेलं होतं. कंपनीला मिळाले 22,532 रुपये, म्हणजे खर्चाचा एक तृतीयांश, कारण एकच वर्ष उरलं होतं. या एका हिशेबात तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर आहे.

आता तुमच्या बहिणीचा आकडा उघडून बघा. एचआरला एकच साधा प्रश्न विचारायचा : "1,80,000 चा तपशील मिळेल का?" मी बसायचो त्या ऑफिसात फिटर, हेल्पर, स्टोअरचा क्लार्क, सगळ्यांच्या बाँडवर एकच रक्कम असायची. कुणाच्या ट्रेनिंगचा हिशेब करून ती काढलेली नव्हती, जुन्या फाईलमधून उचललेली होती. पुढे एका मुलाचं प्रकरण नोटिशीपर्यंत गेलं आणि कंपनीच्या वकिलांनी माझ्याकडे व्हाउचर मागितले, तेव्हा कपाटात दोनच कागद निघाले : बाहेरून आलेल्या ट्रेनरचं बिल आणि मॅन्युअल छापल्याची पावती. कंपनीने तेवढ्यावर तडजोड केली. म्हणून तपशील लेखी मागा, ईमेलवर.

समजा तपशील असा आला : बाहेरच्या ट्रेनरची फी 18,000, सर्टिफिकेट परीक्षा 6,000, पुण्याला तीन आठवडे राहणं आणि प्रवास 24,000, तीन महिन्यांचा पगार 51,000, सुपरवायझरचा वेळ 30,000, नवीन माणूस शोधण्याचा खर्च 51,000. एकूण एक लाख ऐंशी हजार. पहिल्या तिन्ही बाबींना पावती असते आणि त्या खरोखर तिच्यासाठी खर्च झालेल्या असतात. बेरीज 48,000. हे पैसे मागण्यात कंपनीची चूक नाही, आणि तुम्हीही त्याला नाही म्हणू नका.

पगाराची बाब नाजूक आहे. ती तीन महिने वर्गात बसली आणि कंपनीसाठी काहीच केलं नाही, तर कंपनी वाद घालू शकते. पण बहुतेक कारखान्यांत "ट्रेनिंग" म्हणजे दुसऱ्या आठवड्यापासून लाईनवर उभं करणं. पॅनल वायरिंग करून दिलं, टेस्टिंग केलं, शिफ्टला नाव लागलं, तर तो पगार कामाचा मोबदला आहे, प्रशिक्षणाचा खर्च नाही. सुपरवायझरला पगार तसाही मिळतच होता. आणि माणूस शोधण्याचा खर्च तर ट्रेनिंगचा खर्चच नाही. बाँडच्या इंग्रजी प्रतीत असंही वाक्य सापडेल की ही रक्कम दोन्ही पक्षांनी मान्य केलेला "जेन्युईन प्री-एस्टिमेट", म्हणजे नुकसानीचा आधीच काढलेला प्रामाणिक अंदाज आहे. त्याने घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका : त्यावर सही केली की उद्या आकडा जास्त आहे हे सांगताना ते वाक्य तुमच्यासमोर ठेवलं जाईल.

आता महिन्याचा हिशेब. 48,000 भागिले 24, म्हणजे दर महिन्याला 2,000 रुपयांनी ओझं उतरतं. तिने पंधरा महिन्यांनी नोकरी सोडली तर उरले नऊ महिने, म्हणजे 18,000. तुमच्या कागदावर मात्र तेविसाव्या महिन्यातही पूर्ण 1,80,000 उभे आहेत. कागदात "उरलेल्या कालावधीच्या प्रमाणात" हे शब्द घातले की भांडणच राहत नाही. माझ्या मते सगळ्यांत आधी हाच बदल मागावा, कारण तो देताना कंपनीचंही फारसं काही जात नाही.

दुसरा बदल "कोणत्याही कारणाने" या शब्दांचा. यात कंपनीनेच काढून टाकलं तरी पैसे भरायचे, आजारपणात सोडलं तरी भरायचे, लाईन बंद पडली तरी भरायचे, असा अर्थ निघतो. ते काढून "कर्मचाऱ्याने स्वेच्छेने राजीनामा दिल्यास" असं लिहायला सांगा. त्याच पानावर पाहा की पुढच्या ट्रेनिंगनंतर 24 महिने नव्याने मोजले जाणार आहेत का. असं असेल तर दोन दिवसांच्या सेफ्टी कोर्सनेही घड्याळ पुन्हा शून्यावर येतं आणि बाँड कधी संपतच नाही. एक मुदत, एकच सुरुवातीची तारीख, ती आकड्यात लिहिलेली असावी.

ईमेलमध्ये पाठवायला मजकूर असा :

"प्रशिक्षण पूर्ण झाल्याच्या तारखेपासून 24 महिन्यांच्या आत कर्मचाऱ्याने स्वेच्छेने राजीनामा दिल्यास, तिच्या प्रशिक्षणावर प्रत्यक्ष झालेला व पावत्यांनी सिद्ध होणारा खर्च, कमाल 48,000 रुपये, उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात ती परत करील. कंपनीने सेवा संपवल्यास, पगार थकल्यास किंवा गंभीर आजारामुळे सेवा सोडल्यास ही अट लागू नाही."

18 टक्के व्याजाबद्दल स्वतंत्र भांडू नका. मूळ रक्कम कमी झाली की त्याचा जोर जातो. नोटीस मिळाल्यावर 30 दिवसांची मुदत मागा, तेवढं पुरे.

आता कोऱ्या चेकचं सांगतो. बाँडवर कंपनीला दिवाणी दावा करावा लागतो, खर्च सिद्ध करावा लागतो, वर्षं जातात. तीच रक्कम बाबांच्या सहीच्या कोऱ्या चेकवर भरली आणि चेक परतला की रस्ता फौजदारी होतो, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम 138. चेक परतल्याची माहिती मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस येते, नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे भरायचे असतात, नाही भरले तर एका महिन्यात तक्रार दाखल होते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुप्पटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि कायदा धरून चालतो की चेक देणं फेडण्यासाठीच दिला होता, तसं नव्हतं हे सिद्ध करायचं ओझं बाबांवर. सही केलेला कोरा चेक स्वखुशीने दिला असला तरी हेच धरलं जातं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केलं. कापसाच्या पैशाचं खातं आहे ते, त्याला हा धोका का लावायचा? कंपनी चेकशिवाय अजिबात ऐकतच नसेल, तर चेक बहिणीच्या खात्याचा, नाव आणि 48,000 आकडा भरलेला, आणि सोबत चेक नंबर लिहून पत्र की हा फक्त प्रशिक्षण खर्चाच्या तारणापुरता आहे आणि रक्कम दरमहा 2,000 ने कमी होते. त्या पत्राच्या प्रतीवर एचआरची पोचसही घ्या.

हमीदाराचं असं की करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे हमीदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच असते. कंपनीला आधी बहिणीकडे जावं लागेल असं नाही, थेट बाबांना नोटीस पाठवता येते. सातबाऱ्याची झेरॉक्स दिल्याने वावर गहाण पडत नाही, इतर हक्कात बोजाही चढत नाही, हे बाबांना सांगा म्हणजे रात्रीची झोप लागेल. पण ती झेरॉक्स मागतात ती बाबांकडे काय आहे ते कळावं म्हणून, आणि डिक्री झाली तर जमिनीपर्यंत हात जाऊ शकतो. म्हणून हमीदार न देण्याचाच प्रयत्न करा, द्यावाच लागला तर वर लिहिलेली कमाल रक्कम हमीपत्रातही लिहून घ्या. ओरिजिनल मार्कशीट आणि डिप्लोमा सर्टिफिकेट कोणत्याही परिस्थितीत देऊ नका. बघायला द्या, सत्यप्रत द्या, परत आणा.

पुढे कधी सोडायची वेळ आली आणि कंपनीने शेवटचा पगार अडवला तर हे ध्यानात ठेवा : वेतन संहितेप्रमाणे, जी 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे, राजीनामा दिल्यावर दोन कामाच्या दिवसांत हिशेब द्यायचा असतो. पगारातून कशाकशाची कपात चालते त्याची यादी कायद्यात आहे, तिच्यात ट्रेनिंग बाँडची वेगळी नोंद नाही. पैसे हवेत तर कंपनीने दावा करावा, हा तुमचा पवित्रा राहील. आणि बाँड असला तरी कोर्ट कोणालाही जबरदस्तीने नोकरीत बसवत नाही, मामला फक्त पैशाचा.

शेवटचं एक काम बहिणीला रुजू झाल्या दिवसापासून सांगा. एक साधी वही ठेवायची. तारीख, कोणी काय शिकवलं, किती तास, आणि त्या दिवशी लाईनवर काय काम केलं. "12 तारीख, सकाळी वर्ग दोन तास, नंतर पॅनल क्रमांक 4 ची वायरिंग, सायंकाळी पाचपर्यंत." जॉब कार्डचा फोटो काढायची परवानगी नसेल तर तो काढू नका, वहीत नंबर लिहा. पगार ट्रेनिंगचा खर्च होता की कामाचा मोबदला, हा वाद कधी उभा राहिलाच तर ही वही हातात असेल.

ईमेल शनिवारीच पाठवा. सोमवारी उत्तर आलं नसेल तर मूळ मसुद्यावर सही न करता प्रत मागून घ्या आणि दोन दिवस मागा. यवतमाळला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, महिलेला तिथे मोफत सल्ला मिळतो, उत्पन्नाची अट लागत नाही. बाँडची प्रत घेऊन बहीणच जाऊ दे.