स्टेंट बसला, तरी क्रिटिकल इलनेसचा दावा का नाकारला जातो

«वय ४१, खाजगी नोकरी. दहा लाखांची फॅमिली फ्लोटर आहे. एजंट म्हणतो, ती पाच लाखांवर आणा आणि वाचलेल्या हप्त्यात पंधरा लाखांची क्रिटिकल इलनेस घ्या, निदान झालं की एकरकमी पैसे हातात. असं करावं का?»

फ्लोटर कमी करू नका. क्रिटिकल इलनेस तिच्या जोडीला घेता येते; तिची जागा ती घेऊ शकत नाही. फ्लोटर म्हणजे सगळ्या कुटुंबाचा एकत्रित आरोग्य विमा; तिच्यात कंपनी रुग्णालयाचे बिल पाहते, त्यामुळे डेंग्यू असो, पित्ताशयातील खडे असोत की मोडलेला हात असो, अटींत बसेल तेवढा खर्च मिळतो. क्रिटिकल इलनेसला बिलाशी देणेघेणे नसते. पॉलिसीच्या यादीतला आजार, तिथे लिहिलेल्या तीव्रतेचा, झाला आहे की नाही, एवढेच तपासले जाते; आणि नेमके इथेच लोक फसतात.

माझ्या थोरल्या मेहुण्यांकडे दोन्ही पॉलिसी होत्या. एका पहाटे छातीत कळ आली, अँजिओग्राफीत एका धमनीत ८५ टक्के अडथळा दिसला आणि त्याच दिवशी स्टेंट बसवला. बिल झाले २ लाख ८५ हजार. त्यातले २ लाख ६२ हजार फ्लोटरने कॅशलेस भरले आणि उरलेले, म्हणजे मुख्यतः हातमोजे, नोंदणी शुल्क वगैरे, आम्ही भरले. त्यानंतर क्रिटिकल इलनेसच्या पंधरा लाखांसाठी अर्ज केला, तो नाकारला गेला. घरात सगळे «हार्ट अ‍ॅटॅक आला» असेच म्हणत होते, पण डिस्चार्ज कार्डावर निदान होते «अनस्टेबल अँजायना», म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याने छातीत उठणारी कळ. रागाच्या भरात मी कागद घेऊन बसलो, आणि कंपनीचे म्हणणे अटींप्रमाणे बरोबर निघाले.

अशा प्रमुख आजारांच्या व्याख्या आयआरडीएआय या नियामकाने सर्व कंपन्यांसाठी ठरवून दिल्या आहेत. हृदयविकाराच्या झटक्यासाठी छातीतील वेदनेसारखी लक्षणे, ईसीजीमध्ये नव्याने झालेले ठरावीक बदल आणि रक्तात ट्रोपोनिनसारख्या घटकांची वाढ, अशा तिन्ही गोष्टी लागतात. मेहुण्यांचा ट्रोपोनिन सामान्य होता, म्हणजे हृदयाचा स्नायू मेलाच नव्हता, आणि कोणत्याही प्रकारचा अँजायना व्याख्येतून स्पष्टपणे वगळलेला आहे. राहिली अँजिओप्लास्टी, म्हणजे धमनी उघडून स्टेंट बसवण्याची प्रक्रिया, तर ती बायपासच्या व्याख्येतही बसत नाही. काही पॉलिसी तिच्यासाठी वेगळी, विमा रकमेच्या थोड्याच भागाइतकी भरपाई देतात. त्यांच्या पॉलिसीत तेही कलम नव्हते.

हेच निदान थोडे निराळे असते तर काय झाले असते, हे पाहण्यासारखे आहे. समजा त्यांची बायपास झाली असती आणि बिल साडेतीन लाख आले असते, तर ते बिल फ्लोटरने भरले असते आणि शिवाय पंधरा लाख रुपये पूर्णच्या पूर्ण मिळाले असते, कारण एक पॉलिसी खर्चाची भरपाई करते आणि दुसरी ठरलेली रक्कम देते. त्या रकमेचा हिशोब कोणी विचारत नाही; तीन-चार महिने बिनपगारी गेले तर घराचा हप्ता आणि मुलांची फी तिच्यातून भागते, जे फ्लोटर कधीच देणार नाही. म्हणून विमा रक्कम ठरवताना रुग्णालयाचा खर्च धरू नका, दीड-दोन वर्षांचा घरखर्च आणि कर्जाचे हप्ते धरा.

कर्करोगातही अशीच रेषा आहे. पेशी मूळ थरातच आहेत, आजूबाजूला पसरलेल्या नाहीत, अशा अगदी सुरुवातीच्या अवस्थेतील निदानावर साधी पॉलिसी काहीच देत नाही, शस्त्रक्रिया करावी लागली तरीही. पक्षाघातात शरीरातील कमतरता किमान तीन महिने टिकल्याचा पुरावा लागतो, त्यामुळे «निदान झाले की पैसे» हे एजंटचे वाक्य तिथे लागूच पडत नाही.

एक अट माहितीपत्रकात क्वचितच ठळक दिसते: निदानानंतर ठरावीक दिवस रुग्ण हयात असावा लागतो. हा कालावधी ३० दिवसांचा असेल, निदान ३ जूनला झाले आणि रुग्ण २० जूनला गेला, तर कुटुंबाला या पॉलिसीतून एक रुपयाही मिळत नाही. काही कंपन्या हा कालावधी कमी ठेवतात, तेव्हा हप्ता थोडा जास्त असला तरी मी तीच निवडेन. पॉलिसी सुरू झाल्यापासून बहुधा पहिल्या ९० दिवसांत दिसलेला आजारही धरत नाहीत, आणि एकदा पूर्ण रक्कम दिली की साधारणपणे पॉलिसी तिथेच संपते.

एजंटकडून माहितीपत्रक न घेता पॉलिसीच्या अटींचा पूर्ण मसुदा मागा आणि त्यात अँजिओप्लास्टीचे कलम व हयातीचे दिवस स्वतः शोधा. टर्म विम्याला, म्हणजे निव्वळ आयुर्विम्याला, जोडलेले पूरक संरक्षण म्हणजे रायडर सुचवला गेला, तर आजारात दिलेली रक्कम मृत्यूनंतरच्या रकमेतून वजा होते का, हे लेखी विचारा. काही रायडरमध्ये ती होते.