बीसीडी आणि ग्रे कोड: लॅबचं रेकॉर्ड लिहिण्याआधी १३ चा आकडा सोडवून बघ

अरे, तुझा बहुतेक गोंधळ एकाच ठिकाणी आहे. तू बीसीडीवरून ग्रे कोड काढतोयस. दोन्ही वाटा वेगळ्या.

बीसीडीत प्रत्येक दशमान अंक सुटा घ्यायचा आणि त्याचे चार बिट लिहायचे. १३ म्हणजे १ आणि ३, म्हणून ०००१ ००११. पुढची शून्यं खाऊ नकोस. एका गटात १००१ च्या पुढचं काही आलं, तर ते चुकलंच.

ग्रेसाठी आधी १३ चं साधं बायनरी: ११०१. डावीकडचा पहिला बिट तसाच उतरव. मग बायनरीतल्या शेजारच्या जोड्या बघ: सारख्या असतील तर ०, वेगळ्या असतील तर १.

- १, १ → ०
- १, ० → १
- ०, १ → १

उत्तर १०११.

नवीन मुलं इथेच घसरतात: नुकताच काढलेला ग्रे बिट पुढच्या बायनरी बिटाशी जोडतात. मग १३ ला १००१ येतं, आणि तो तर १४ चा ग्रे कोड! म्हणून ० ते १५ चा पूर्ण तक्ता कर. लागोपाठच्या दोन ओळींत एकच बिट बदलायला हवा.

सर्किटला बुधवार पेठेतून 7486 ही एक्सॉर गेटची एकच आयसी आण; दोन बिट वेगळे असले की एक्सॉर १ देतो. त्यातली तीन गेट पुरतात, एका जोडीला एक. पिन १४ ला पाच व्होल्ट, ७ ला ग्राउंड. समीकरणं सोपी करायचा के-मॅप सध्या राहू दे.